वडील गेल्यानंतरचं शेवटचं विवरणपत्र आणि अडकलेला परतावा: बँक खातं बंद करण्याआधी हे वाचा

वडील गेले की महिन्याभरात कोणीतरी सांगतं, "आधी बँकेचं आवरून घ्या." मीही ते ऐकलं. वडिलांचं बचत खातं पंचविसाव्या दिवशी बंद केलं, पैसे आईच्या खात्यात घेतले. आठ महिन्यांनी त्यांचा आयकर परतावा निघाला, बंद खात्यावर आदळून परत गेला आणि तो मिळायला पुढे चौदा महिने लागले. त्यानंतर नात्यात आणि शेजारी मिळून बऱ्याच घरांचं हे काम मी केलं आहे. चूक बहुतेक ठिकाणी एकच असते, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच आहे.

मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन, आधार, पासबुकं आणि मुदत ठेवींच्या पावत्या हाताशी आहेत असं धरून चालते.

आधी एक गोष्ट करू नका

वडिलांचा मोबाइल घरात चालू असतो, पासवर्ड मुलाला ठाऊक असतो. मग त्यांच्याच लॉगिनमधून विवरणपत्र भरून, त्यांच्याच आधारच्या ओटीपीने पडताळणी करून लोक मोकळे होतात. "कोणाला कळतंय?" असं सांगणारे सल्लागारही मी पाहिले आहेत. मृत माणूस स्वतः सही करू शकत नाही, म्हणून ती पडताळणीच खोटी ठरते. पुढे नोटीस आली तर उत्तर द्यायला तुमचं नाव कुठेच नसतं. कायद्याने हे काम कायदेशीर प्रतिनिधीचं आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम १५९ नुसार वडिलांच्या कराची जबाबदारी वारसावर येते, पण त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. वारस म्हणून नोंदणी केली की खिशातून भरावं लागेल ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

वारस म्हणून नोंदणी

आपल्या स्वतःच्या पॅनने incometax.gov.in वर लॉगिन करा. `Authorised Partners` मध्ये `Register as Representative` निवडा, नवी विनंती तयार करा आणि `Deceased` हा प्रकार घ्या. मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन, तुमचं ओळखपत्र आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. मंजुरीला साधारण आठवडा लागतो. मंजुरी आली की तुमच्याच लॉगिनमधून वडिलांच्या खात्यावर जाता येतं.

इथे अडतं ते वारस असल्याच्या पुराव्यापाशी. बहुतेक लोक ऐकीव माहितीवर न्यायालयाच्या दाखल्यामागे लागतात आणि वर्ष घालवतात. आयकर खात्याला न्यायालयाचा दाखला चालतो, तसा महसूल खात्याचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र आणि सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्रही चालतं. बँकेचं पत्रही चालतं. मृत्यूच्या वेळी त्या खात्यावर नामनिर्देशित व्यक्ती किंवा संयुक्त खातेदार कोण होतं, एवढं बँकेने स्वतःच्या लेटरहेडवर, सही आणि शिक्क्यासह लिहून दिलं की पुरे. शाखेतून हे पत्र चार दिवसांत मिळू शकतं. वडील सरकारी सेवेतून निवृत्त झाले असतील आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन लागलं असेल, तर आईचीच वारस म्हणून नोंदणी करा. पुरावा तयारच असतो. सातबाऱ्यावरचा वारस फेरफार मात्र या कामाला जोडू नका. तो जमिनीचा आहे, आणि इथे मागितलेल्या कागदांच्या यादीत तो नाही.

विवरणपत्रात काय धरायचं

१ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न वडिलांचं. त्यानंतरचं वारसांचं. वर्ष अर्धवट राहिलं म्हणून करमुक्त मर्यादा किंवा प्रमाणित वजावट कमी होत नाही, ती पूर्ण मिळते.

एक उदाहरण धरू. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक १८ नोव्हेंबर २०२४ ला गेले. निवृत्तिवेतन महिना २८,००० रुपये. सात महिने आणि अठरा दिवसांचे २,१२,८०० होतात. मुदत ठेवींचं वर्षाचं व्याज १,४६,०००, म्हणजे दिवसाला ४००. १ एप्रिल ते १८ नोव्हेंबर हे २३२ दिवस, म्हणून वडिलांच्या वाट्याचं व्याज ९२,८००. निवृत्तिवेतनातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १,३७,८०० उरतात, त्यात व्याज मिळवून एकूण उत्पन्न २,३०,६००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे कर शून्य आणि कापलेला कर परत मिळायला हवा.

किती परत? बँकेला मृत्यूची खबर वेळेत दिली नाही, म्हणून बँकेने पूर्ण वर्षाच्या व्याजावर दहा टक्के, १४,६०० रुपये, वडिलांच्या पॅनवर कापले. लोक इथे सगळे १४,६०० वडिलांच्या विवरणपत्रात मागतात आणि उत्पन्न मात्र ९२,८०० च दाखवतात. पॅनवर कापलेल्या कराचा तपशील देणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये १,४६,००० दिसत असताना हा मेळ बसत नाही आणि परतावा तिथेच थांबतो. वडिलांच्या नावे ९,२८० मागा. उरलेले ५,३२० ज्या वारसाने १९ नोव्हेंबरपासूनचं ५३,२०० चं व्याज स्वतःच्या उत्पन्नात दाखवलं, त्याने मागायचे. नियम ३७बीए नुसार दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला कर मागण्याचा रकाना आयटीआर-२ मध्ये आहे, म्हणून अशा वेळी दोन्ही विवरणपत्रं आयटीआर-२ वर भरा. ही सगळी कसरत टाळायची असेल तर मृत्यूनंतर लगेच ठेवी वडिलांच्या पॅनवरून हलवा. ठेवी हलवा, बचत खातं नको. हा फरक लक्षात ठेवा.

बाकी विवरणपत्र नेहमीसारखंच. भरणारा प्रतिनिधी आहे हे नमूद करा आणि पडताळणी तुमच्या स्वतःच्या आधारच्या ओटीपीने, तीस दिवसांच्या आत करा.

बँक खातं: इथेच सगळं अडतं

आयकर खातं परतावा फक्त अशा खात्यात टाकतं, जे करदात्याच्या पॅनशी जोडलेलं आहे आणि पोर्टलवर आधीच प्रमाणित झालेलं आहे. करदाता इथे वडील आहेत. तुम्ही वारस म्हणून मंजूर झालात तरी परतावा त्यांच्याच नावाचा असतो. मी आईचं खातं टाकून पाहिलं तेव्हा पॅन आणि नाव जुळेना आणि प्रमाणीकरणच झालं नाही. म्हणून वडिलांचं, त्यांच्या पॅनला जोडलेलं, चालू असलेलं एक खातं परतावा जमा होईपर्यंत जिवंत ठेवणं हीच या कामातली खरी युक्ती आहे.

जिवंत ठेवायचं म्हणजे बँकेपासून मृत्यू लपवायचा नाही, आणि वडिलांच्या एटीएम कार्डने किंवा फोनवरून पैसे काढायचे तर मुळीच नाहीत. संयुक्त खातं असेल तर शाखाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या: मृत्यूची माहिती कळवतो आहोत, पण आयकर परतावा येणं बाकी असल्यामुळे नाव कमी करण्याची कार्यवाही तूर्त थांबवावी. नाव कमी झालं की त्यांच्या पॅनची जोडणीही जाते. एकट्याच्या नावाचं खातं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा आधार घ्या. मृताच्या नावे मागून येणाऱ्या रकमांसाठी 'मृताची मालमत्ता' अशा नावाने खातं ठेवून त्यात रक्कम जमा होऊ देता येते, फक्त त्यातून काढता येत नाही. या सूचना २००५ पासूनच्या आहेत. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला त्या ठाऊक नसतील तर अर्ज घेऊन व्यवस्थापकांकडे जा आणि पोच घ्या. नावात बदल झाल्यावर पोर्टलवर खातं पुन्हा प्रमाणित होतं का हे आधी तपासा. होत नसेल तर नाव बदलण्याआधीच विवरणपत्र भरून परतावा येऊ द्या.

विवरणपत्र भरण्याच्या दिवशी `My Bank Account` मध्ये त्या खात्यासमोर ते प्रमाणित आहे आणि परताव्यासाठी निवडलेलं आहे हे डोळ्यांनी पाहा. मगच पाठवा.

वडिलांनीच भरलेलं जुनं विवरणपत्र आणि अडकलेला परतावा

वडिलांनी हयातीत विवरणपत्र भरलं होतं, पण परतावा अयशस्वी दाखवतोय, असंही असतं. वारस म्हणून मंजुरी घेऊन `Services` मधून `Refund Reissue` ची विनंती करा. नवं विवरणपत्र लागत नाही. खात्याची अट मात्र इथेही तीच.

आणि खातं आधीच बंद झालं असेल तर? तेव्हा पोर्टलवर पुनःपुन्हा विनंत्या टाकत बसू नका. मी त्यात पाच महिने घालवले. `Know Your AO` मधून वडिलांच्या पॅनचे अधिकारी शोधा आणि त्यांच्या कार्यालयात अर्ज द्या. सोबत विवरणपत्र तपासल्यावर खात्याने पाठवलेली कलम १४३(१) खालची सूचना, परतावा अयशस्वी झाल्याच्या पानाची छापील प्रत, मृत्यूचा आणि वारसाचा दाखला, इतर सगळ्या वारसांची ना हरकत, नोटरी केलेलं क्षतिपूर्ती बंधपत्र आणि तुमच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडा. ना हरकत पत्रावर बहिणींच्या सह्या घ्यायला विसरू नका. त्याही वारस आहेत, आणि माझं पहिलं पत्र एक सही कमी असल्यामुळेच परत आलं होतं. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. त्याच दिवशी पोर्टलवर `Grievances` मध्ये तक्रार टाका आणि तिला ही प्रत जोडा. कार्यालयातला अर्ज पुढे सरकायला या तक्रारीचा क्रमांक फार उपयोगी पडतो. आलेली रक्कम ज्याच्या खात्यात आली त्याची एकट्याची होत नाही, ती सगळ्या वारसांची असते.

मुदत निघून गेली असेल तर

उशिराचं विवरणपत्र संबंधित मूल्यांकन वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतर येणाऱ्या आर्थिक वर्षाच्या, ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं आणि त्यातही परतावा मिळतो. त्यानंतर जे 'अद्ययावत विवरणपत्र' भरता येतं, त्यात परतावा मागता येत नाही. कोणी तसं सुचवलं तर ऐकू नका. त्याऐवजी कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करावा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार मूल्यांकन वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. वडिलांचं आजारपण, मृत्यू आणि वारस दाखल्याला लागलेला वेळ तारखांसह लिहा.

परतावा खात्यात दिसला की मग ते बचत खातं बंद करा, आणि त्यानंतर आयकर अधिकाऱ्यांना पत्र देऊन पॅन परत करा. हे दोन्ही त्याच क्रमाने करा.