अकरावीत विषय बदलायचा अर्ज : या चुका टाळा

कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की प्राचार्यांच्या टेबलावर विषय बदलाचे अर्ज येऊ लागतात. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञानात नेहमी दिसणारा अर्ज म्हणजे 'गणित सोडून भूगोल द्यावा'. 'नीट' परीक्षा देणाऱ्या मुलांना बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, गणित लागत नाही. म्हणजे मागणी रास्त असते. तरीही अर्ज परत येतो, कारण पानभर विनंती असते आणि कामाची माहिती दोन ओळींचीही नसते.

'मला गणित अवघड जाते, तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एवढ्यावर प्राचार्य सही करू शकत नाहीत. भूगोलाच्या वर्गात जागा आहे का, तास जुळतात का आणि बुडालेला भाग कसा भरून निघणार, हे त्यांना पाहावे लागते. कित्येक कॉलेजांत गणित आणि भूगोलाचे तास एकाच वेळी असतात, तिथे अदलाबदल सोपी जाते. जीवशास्त्र सोडून भूगोल हवा असेल, तर मात्र तास एकमेकांवर येऊ शकतात. म्हणून आधी वेळापत्रक बघा, भूगोलाच्या शिक्षकांना भेटा आणि अर्जावर त्यांची 'हरकत नाही' अशी सही घ्या. गणिताच्या शिक्षकांनाही कळवा. हजेरीपटातून नाव त्यांनाच कमी करायचे असते.

दुसरी चूक म्हणजे चुकीच्या विषयाच्या बदल्यात मागणी करणे. 'जीवशास्त्राऐवजी आयटी द्यावा' असे मुले लिहितात, पण बहुतेक कॉलेजांत आयटी दिला जातो तो मराठी-हिंदीसारख्या दुसऱ्या भाषेच्या जागी. शिवाय त्याची फी वेगळी असू शकते. कोणत्या विषयाच्या जागी कोणता मिळतो, हे कार्यालयातल्या क्लार्कना दोन मिनिटांत विचारता येते.

घटक चाचणी होऊन गेली असेल, तर आणखी एक पेच पडतो. अकरावीचा निकाल 25 गुणांच्या दोन घटक चाचण्या, 50 गुणांची सत्र परीक्षा आणि 100 गुणांची वार्षिक परीक्षा अशा 200 गुणांच्या सरासरीवर लागतो. पहिल्या चाचणीला तुम्ही गणित दिले असेल, तर भूगोलाचा तो रकाना रिकामाच राहणार. फेरचाचणीची मागणी याच अर्जात करा. भूगोलाला प्रात्यक्षिकही असते, तेव्हा जर्नल कधीपर्यंत पूर्ण करणार तेही लिहा.

कारण सांगताना 'सरांचे शिकवलेले समजत नाही' हे वाक्य टाळा. त्याने अर्जाची तक्रार होते आणि विषय बाजूला राहतो. 'क्लासवाल्यांनी सांगितले' हेही नको. खरे कारण पुरते.

मजकूर साधारण असा ठेवा :

*विषय : अकरावी विज्ञान शाखेत गणिताऐवजी भूगोल विषय मिळणेबाबत.*

*महोदय, मी अकरावी विज्ञान, तुकडी ब, हजेरी क्रमांक 42 ची विद्यार्थिनी आहे. प्रवेशावेळी मी गणित निवडले होते. बारावीनंतर वैद्यकीय शाखेकडे जाण्याचे ठरल्याने गणिताऐवजी भूगोल घेऊ इच्छिते. दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी असून भूगोलाच्या शिक्षकांची संमती सोबत आहे. झालेला भाग आणि जर्नल मी सत्र परीक्षेपूर्वी पूर्ण करेन. पहिल्या घटक चाचणीची फेरचाचणी घ्यावी, ही विनंती. गणित सोडल्यास अभियांत्रिकीला प्रवेश घेता येणार नाही, याची मला व माझ्या पालकांना कल्पना आहे.*

शेवटचे वाक्य अनेकांना जास्तीचे वाटते. माझ्या मते अर्जातले सर्वांत वजनदार वाक्य तेच, कारण सहा महिन्यांनी पालक येऊन 'आम्हाला कुणी सांगितलेच नाही' म्हणतील, ही धास्ती कॉलेजला असते. त्याखाली पालकांची सही, तारीख आणि मोबाईल नंबर हवाच. ही सही मुलाने स्वतः ठोकू नये. कार्यालयात ती प्रवेश अर्जावरच्या सहीशी ताडून बघतात.

अर्ज शिपायाच्या हातात देऊन निघून येऊ नका. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. लेखी मंजुरी येईपर्यंत गणिताच्या तासांना बसत राहा. नाहीतर मंजुरी अडली की इकडेही गैरहजर आणि तिकडेही.

अर्ज अकरावीतच द्या. बारावीत गेल्यावर बदल हवा असेल, तर प्रकरण कॉलेजपुरते राहत नाही, विभागीय मंडळाच्या परवानगीपर्यंत जाते. आणि मंजुरीचा कागद बारावीचा परीक्षा अर्ज भरेपर्यंत जपून ठेवा. त्या वेळी कॉलेज तपासायला प्रीलिस्ट देते, तिच्यात विषयांचे सांकेतांक असतात. गणिताचा 40, भूगोलाचा 39. तुमच्या नावापुढे अजून 40 दिसत असेल, तर सही न करता तो कागद दाखवा.