गुडघा दुखतोय? आधी खुबा तपासा

बारा-तेरा वर्षांचं, अंगानं भारी पोरगं गुडघा धरून लंगडतंय आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आलाय. कोल्हापूरच्या पेठेत फुटबॉल खेळणाऱ्या घरात 'मॅचमध्ये लचकला असेल' म्हणून इथंच विषय संपतो. खुब्याची आणि गुडघ्याची काही संवेदना एकाच नसेतून जाते, त्यामुळे दुखणं खुब्यात असलं तरी पोर हात गुडघ्यावर ठेवतं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये वाढीची चकती असते. वयात येताना ती कमजोर असते, त्यात वजनाचा भार पडला की हाड या चकतीपाशी घसरतं. गोळा वाटीतच राहतो, मान पुढे आणि वर सरकते. म्हणून पाय बाहेर वळतो आणि थोडा आखूड होतो.

पोर चालू शकत असेल तरच घरी बघा. आधी समोरून चालत येऊ द्या: दुखऱ्या बाजूचं पाऊल जास्त बाहेर वळलेलं दिसतं का? मग उताणं झोपवून गुडघा वाकवा आणि मांडी हळूच पोटाकडे आणा. मांडी सरळ वर न येता आपोआप बाहेर वळत असेल, तर संशय पक्का धरा. जोर लावू नका.

त्यानंतर पोरानं त्या पायावर भार द्यायचा नाही. तेल चोळणं, तालमीत पाय ओढून घेणं नकोच. अर्धवट घसरलेलं हाड पूर्ण घसरू शकतं. गाडीवर मागे पाय फाकून बसवू नका, रिक्षा करा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगीत, दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बाजूनं एक्स-रे हवा. कुबड्या घेऊनही चालता येत नसेल तर सकाळची वाट बघू नका. अशा घसरणीत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका मोठा असतो.

उपचार म्हणजे बहुधा एक स्क्रू: हाड आहे त्याच जागी पक्कं करतात. त्यानं चकती बंद होते, म्हणजे तिथली वाढही थांबते.

पायाच्या लांबीचा हिशोब इथून सुरू होतो. ही चकती वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर वाढ देते. मुलगा १२ वर्षांचा असेल आणि वाढ १६ व्या वर्षापर्यंत धरली, तर ४ वर्षांत १२ ते १६ मिलिमीटर फरक पडेल. घसरणीमुळे आलेला आखूडपणा वेगळा. मोजायला आखूड पायाखाली अर्ध्या सेंटिमीटरच्या फळ्या एकेक करून ठेवा. कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की फळ्यांची उंची म्हणजे फरक. दर सहा महिन्यांनी वहीत लिहा. २ सेंटिमीटरपर्यंत बुटातली उंच टाच पुरते, पुष्कळांना तीही लागत नाही. त्याहून जास्त वाटत असेल तर वाढ शिल्लक असतानाच दाखवा, कारण लांब पायाच्या गुडघ्याजवळची चकती थांबवून फरक भरता येतो. वाढ संपल्यावर तो मार्ग बंद.

दुसरा खुबाही पुढे घसरू शकतो. त्या बाजूचा गुडघा दुखला, तरी पुन्हा खुब्याचाच एक्स-रे काढायचा.