वर्तुळाच्या समीकरणावरून अव्यक्त विकलन कसे करावे

x² + y² = 25 या वर्तुळाला (3, 4) या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ काढायचा आहे. y एकटा डाव्या बाजूला आणायला गेलो, तर y = ±√(25 − x²) असे दोन तुकडे होतात आणि वर्गमुळाचे विकलन करावे लागते. अव्यक्त विकलनात y मोकळा करावाच लागत नाही. समीकरण आहे तसे ठेवून दोन्ही बाजूंचे x च्या संदर्भात विकलन करायचे.

पायरी 1: y हे x चे फल आहे, हे मनात पक्के धरा. x किंचित सरकला, तर बिंदू वर्तुळावरच राहण्यासाठी y लाही सरकावे लागते. म्हणून y ला स्थिरांक समजायचे नाही.

पायरी 2: एकेका पदाचे विकलन करा. x² चे 2x, आणि 25 हा स्थिरांक असल्याने त्याचे 0. खरी गोम y² मध्ये आहे. इथे चेन रूल लागतो: आधी वर्गाचे विकलन 2y, मग आतल्या y चे x च्या संदर्भात विकलन dy/dx, आणि दोघांचा गुणाकार.

```
2x + 2y·(dy/dx) = 0
```

सर्वाधिक चुका याच ओळीत होतात. कोणी y² चे नुसते 2y लिहितो आणि हाती 2x + 2y = 0 येते. त्यात dy/dx कुठेच नाही, तेव्हा चूक झाली हे तिथल्या तिथे ओळखता येते. उजवीकडे 25 तसाच राहिला असेल, तर तीही चूकच.

पायरी 3: dy/dx मोकळा करा.

```
dy/dx = −x/y
```

(3, 4) ठेवला की चढ −3/4. उत्तरात x बरोबर y सुद्धा आला म्हणून बिचकू नका, तोच या पद्धतीचा फायदा आहे. x = 3 असताना वर्तुळावर (3, 4) आणि (3, −4) असे दोन बिंदू असतात. खालच्या बिंदूपाशी चढ 3/4 येतो. एकच सूत्र दोन्ही अर्धवर्तुळांना पुरते, कारण कोणता बिंदू ते y सांगतो.

पायरी 4: पडताळा घ्या. केंद्रापासून (3, 4) पर्यंतच्या त्रिज्येचा चढ 4/3 आहे. 4/3 × (−3/4) = −1, म्हणजे स्पर्शिका त्रिज्येला लंब आहे, आणि ती तशी असायलाच हवी. आकड्यांनीही पाहू. x 3 वरून 3.1 केला, तर y = √15.39, म्हणजे सुमारे 3.923. y सुमारे 0.077 ने घटला. चढावरून अंदाज होता 0.1 × 3/4 = 0.075. थोडा फरक पडतो, कारण वर्तुळ वळते आणि स्पर्शिका सरळ जाते.

सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवा. (5, 0) आणि (−5, 0) इथे y = 0 असल्याने −x/y ला अर्थ उरत नाही. स्पर्शिका तिथेही आहे, पण ती उभी आहे: x = 5 आणि x = −5. दुसरे असे की, सूत्रात (1, 1) घातले तर −1 मिळेल, पण हा बिंदू या वर्तुळावरच नाही. बिंदू आधी मूळ समीकरणात घालून पाहायची सवय लावा.

सराव, सोप्याकडून कठीणाकडे

1. x² + y² = 169; (5, 12) आणि (5, −12) येथील चढ काढा.
2. (x − 2)² + (y + 1)² = 25; (5, 3) येथील स्पर्शिकेचे समीकरण काढा.
3. x² + y² − 6x + 4y − 12 = 0; आडव्या स्पर्शिका कोणत्या बिंदूंपाशी आहेत?
4. x² + xy + y² = 7; (1, 2) येथील चढ काढा. हे वर्तुळ नाही, पण रीत तीच. xy ला गुणाकाराचा नियम लावा: y + x·(dy/dx).
5. x² + y² = 25 साठी d²y/dx² काढा. −x/y चे पुन्हा विकलन करा, dy/dx च्या जागी −x/y ठेवा आणि शेवटी x² + y² च्या जागी 25.

उत्तरे: (1) −5/12 आणि 5/12. (2) चढ −3/4, स्पर्शिका 3x + 4y = 27. (3) (3, 3) आणि (3, −7). (4) −4/5. (5) −25/y³. पाचव्यात y धन असताना उत्तर ऋण येते, कारण वरचे अर्धवर्तुळ खाली वळते. y ऋण असताना ते धन होते.