परदेशातल्या मंडळाच्या नाटकाची जाहिरात: तिकीट आणि ताटाचा हिशेब

मुलगी अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या समितीवर आहे, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाची जाहिरात सांगलीत बसून मीच लिहून देते. नाटकाचं नाव, कलाकार, सभागृहाचा पत्ता वर ठळक टाका. तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नका. ७/११ म्हणजे इथून गेलेल्या आजीला ७ नोव्हेंबर, तिथं वाढलेल्या नातवाला ११ जुलै.

खरा घोळ होतो तो 'फॅमिली तिकिटा'त. आपल्याकडे भावे नाट्यमंदिराच्या खिडकीवर 'चार द्या' म्हटलं की काम झालं. तिकडे तिकिटाबरोबर ताटही विकलेलं असतं. 'फॅमिली ६५ डॉलर, जेवणासह' एवढंच छापलंत, तर सुट्टीला आलेले सासू-सासरे त्यात धरायचे का, हे विचारायला निम्मं गाव फोन करणार. त्यामुळे स्पष्ट लिहा: फॅमिली म्हणजे पती-पत्नी आणि त्यांची १८ वर्षांखालची मुलं. आई-वडिलांचं ज्येष्ठ तिकीट वेगळं, प्रत्येकी २० डॉलर. ५ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश मोफत, पण ताट नाही. हवं असेल तर ६ डॉलर.

आता एक घर घ्या. नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी, ३ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले आई-वडील. पैसे ६५ अधिक ४०, म्हणजे १०५ डॉलर. ताटं ५. माणसं मात्र ६, कारण मांडीवरचं मूलसुद्धा सभागृहाच्या क्षमतेत धरावं लागतं. आगीच्या नियमांपुढे 'लहानच आहे हो' चालत नाही. पैसे, ताटं आणि माणसं हे तीन आकडे क्वचितच जुळतात. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर तिन्ही वेगळे विचारा. पैशांवरून ताटांचा अंदाज बांधणारा खजिनदार शेवटच्या रांगेला नुसता मसालेभात वाढतो.

ताटांमध्येही साधं किती, जैन किती, लहान मुलांचं कमी तिखट किती, हे विचारा. शेंगदाणे किंवा काजू कशात आहेत ते मेन्यूतच लिहा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठं कुठं जातं, ते केटररलाही कधीकधी आठवत नाही, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ते आधी कळायला हवं.

जेवण नाटकाआधीच ठेवा, दुपारी १२ ते १:३०, आणि नाटक २ वाजता. नाटकानंतर जेवण ठेवलं की सभागृह रिकामं करायची वेळ आणि जिलबीची रांग एकाच वेळी येतात. शाळेचं सभागृह असेल तर खाणं बहुधा फक्त कॅफेटेरियात चालतं, तेही जाहिरातीत सांगा.

केटररला ताटांचा पक्का आकडा ज्या दिवशी द्यायचा, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख 'जेवणाची शेवटची मुदत' म्हणून छापा. त्यानंतर तिकीट मिळेल, पण फक्त नाटकाचं. त्याचा दरही तिथंच, त्याच ओळीत लिहा.