ब्लाउज उशिरा होणार असेल तर गिऱ्हाइकाला काय लिहावं

शिलाईच्या दुकानातून जाणारा नेहमीचा मेसेज असा असतो: “ताई कारागीर गावाला गेलाय, बघते दोन-तीन दिवसांत.” वाचणारीला लग्नाच्या आधी ब्लाउज हाती पडेल का, हेच कळत नाही. मग दिवसभर फोन.

पाठवण्याआधी तो असा बदला:

1. आधी कारागिराला नक्की दिवस विचारा आणि त्यात एक दिवस वाढवा.
2. कोणतं काम, कुठवर आलंय ते लिहा. कापड सुरक्षित आहे हे त्यातून आपोआप कळतं.
3. “दोन-तीन दिवस” नको. वार, तारीख आणि वेळ तिन्ही द्या.

“नमस्कार ताई, तुमच्या हिरव्या पैठणीचा ब्लाउज बुधवारी द्यायचा होता, त्याला उशीर होतोय, क्षमस्व. कटिंग झालंय, हातशिलाई बाकी आहे. शुक्रवारी, 14 तारखेला संध्याकाळी 6 नंतर तयार मिळेल. त्याआधी लागणार असेल तर आज कळवा.”

शेवटचं वाक्य गाळू नका. कुणाची हळद गुरुवारीच असते. मेसेज जुन्या तारखेच्या आदल्या दिवशीच जायला हवा.

कारागीर परतायचा दिवसच ठरला नसेल तर अंदाजाने तारीख देऊ नका. “उद्या दुपारपर्यंत नक्की दिवस कळवते” एवढंच लिहा.