ईव्हीएसच्या पेपरआधीचे चौदा दिवस

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर झेरॉक्स काढून आणायचे, वहीत सिलॅबसचे टॉपिक एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येक प्रश्नाचे मार्क त्या त्या टॉपिकपुढे मांडत जायचे. मी हे ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून केलं, वाशी येईपर्यंत दोन पेपर झाले. बेरीज बघितल्यावर कळलं की आपण इकोसिस्टीमला आठवडा देणार होतो आणि मार्क सगळे पाणी प्रदूषणात पडलेत. शेवटचे दोन पेपर फक्त मोजायचे हां, सोडवायचे नाहीत, ते पुढे लागतात.

दुसऱ्या ते आठव्या दिवसात टॉपिक मार्कांच्या उतरत्या क्रमाने घ्यायचे, पाण्याला पूर्ण दोन दिवस, कारण त्यात बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं गणित येतं आणि तिथेच सगळे गंडतात. समजा सांडपाण्याचं १५ मिली सॅम्पल घेऊन ३०० मिलीची बाटली पाण्याने भरली, सुरुवातीचा डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ८.८ आणि पाच दिवसांनी ५.८. फरक आला ३, आणि बरेच जण इथेच पेन ठेवतात. पण सॅम्पल वीसपट पातळ केलंय ना, म्हणून ३ गुणिले २०, उत्तर ६० मिलिग्रॅम प्रति लिटर. चुकलंय हे ओळखायचं कसं, तर ३ म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ नदी, गटाराचं पाणी एवढं चांगलं असेल का? अजून एक, पाच दिवसांनी डीओ जवळजवळ शून्यावर आला असेल तर ती टेस्टच बाद, ऑक्सिजन आधीच संपला, खरी मागणी किती होती ते कळतच नाही, सॅम्पल अजून पातळ करायला हवं होतं. गणितात दिवस आणि तापमान नीट वाचा, पाच दिवस २० डिग्रीला किंवा आपल्याकडे तीन दिवस २७ डिग्रीला.

नववा दिवस कायदे आणि साल. वन्यजीव १९७२, पाणी १९७४, हवा १९८१, आणि १९८४ च्या भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. ह्याच दिवशी जुन्या गाईडमधली शिळी उत्तरं खोडायची. माझ्याकडे दादाचं गाईड होतं, त्यात रामसर स्थळांमध्ये, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, ठाणे खाडी नव्हतीच, ती आली २०२२ मध्ये, आणि मी रोज ऐरोलीच्या पुलावरून फ्लेमिंगो बघत जाते!

दहाव्या आणि बाराव्या दिवशी ते राखलेले दोन पेपर घड्याळ लावून, अकराव्या आणि तेराव्या दिवशी फक्त चुका. चुकलेला प्रश्न उत्तर झाकून परत लिहायचा, नुसतं वाचून "हो हो, येतंय" म्हणायचं नाही. चौदाव्या दिवशी कायद्यांचा कागद, बीओडीची दोन गणितं आणि कॅल्क्युलेटरचा सेल बघून ठेवणे, माझा ऐन पेपरात गेला होता आणि २० ने गुणायचं पण बोटांवर केलं.