एआयची तळटीप छापण्याआधी डेस्कवर काय तयार हवं

एआय वापरल्याचं सांगणारी तळटीप कुठल्या बातमीला लागणार, हे आधी ठरवून डेस्कवर लिहून लावा. एआयकडून फक्त शुद्धलेखन तपासून किंवा मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवून घेतलं, तर नोंदवहीतली नोंद पुरे. पण प्रेसनोटवरून मसुदा एआयने लिहिला, इंग्रजी अहवालाचा अनुवाद किंवा सारांश केला, तर उपसंपादकाने तो कितीही घासूनपुसून घेतला तरी तळटीप द्यायची. 'निम्म्याहून जास्त मजकूर एआयचा असेल तरच' असा नियम नको. पान सोडायच्या घाईत ते कुणी मोजत नाही.

नोंदवहीत तारीख, टूलचं नाव, त्याला दिलेली सूचना आणि तपासणाऱ्याचं नाव हवं. सोबत मूळ प्रेसनोट आणि पहिला मसुदा, दोन्ही न बदलता जपून ठेवा. मसुद्यावरच दुरुस्त्या करत गेलं की यंत्राने काय लिहिलं होतं, ते नंतर सापडत नाही.

तपासणी म्हणजे काय, तेही ठरलेलं असावं. समजा जायकवाडीची प्रेसनोट आली: उपयुक्त साठा ५० टक्के. मसुद्यात झालं, 'जायकवाडी धरण निम्मं भरलं.' आकडा जुळतो, म्हणून नजर पुढे सरकते. गळालेला असतो तो 'उपयुक्त' हा शब्द. धरणाची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दलघमी, त्यातली २,१७१ उपयुक्त, उरलेला ७३८ मृतसाठा. उपयुक्तचे निम्मे १,०८५ आणि मृतसाठा मिळून धरणात १,८२३ दलघमी पाणी, म्हणजे एकूण क्षमतेच्या जवळपास ६३ टक्के. (ही चूक आपणही करतो, पण 'तपासलं' असं छापल्यावर ती जास्त बोचते.) म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या पुढच्या-मागच्या शब्दांसकट मूळ कागदावर टिक करायचा.

तळटिपेत तीनच गोष्टी: एआयने काय केलं, माणसाने काय तपासलं, मूळ कागद कोणता. उदाहरणार्थ, 'या बातमीचा पहिला मसुदा जलसंपदा विभागाच्या प्रेसनोटवरून एआयच्या मदतीने तयार केला. आकडे उपसंपादकाने मूळ प्रेसनोटशी ताडून पाहिले.' ताडून पाहिले नसतील तर दुसरा अर्धा भाग छापू नका. 'या अंकात एआयचा वापर झालेला असू शकतो' ही सरसकट ओळ तर निरुपयोगी, कारण कुठल्या बातमीत ते कळत नाही. बायलाइन माणसाचीच. टूल जबाबदारी घेत नाही, आणि संपादकाची सुटत नाही.

पान सोडताना बातमीचं शेवटचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या 'डॉन'मध्ये वाहनविक्रीच्या बातमीखाली, हवी असल्यास पहिल्या पानासाठी आणखी चटकदार आवृत्ती करून देतो, अशा अर्थाचं यंत्राचं वाक्य तसंच छापून गेलं आणि दैनिकाला माफी मागावी लागली. तळटीप राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या चौकटीत द्या, आणि ई-पेपरसोबत वेबसाइटवरच्या बातमीतही.